टॉवर क्रेनचा तोल आणि भाराची मर्यादा

टॉवर क्रेनच्या मनोऱ्यावर दोन आडवे हात असतात. पुढच्या लांब हाताला जिब म्हणतात. जिबच्या खालच्या कडेने ट्रॉली पुढे-मागे सरकते आणि ट्रॉलीखाली पोलादी दोरावर हुक लोंबतो. मागचा हात, म्हणजे काउंटर जिब, आखूड असतो. त्यावर भार ओढणारी विंच बसवलेली असते आणि टोकाला काँक्रीटचे ठोकळे टांगलेले असतात. हे ठोकळे म्हणजेच प्रतिभार. हा सगळा डोलारा फिरत्या कड्यावर बसलेला असल्यामुळे जिब कोणत्याही दिशेला वळली, तरी प्रतिभार नेमका तिच्या विरुद्ध बाजूला राहतो.

अशी क्रेन किती वजन उचलू शकते, याला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. क्रेनला पुढे झुकवण्याची भाराची ताकद त्याच्या वजनावर जितकी अवलंबून असते, तितकीच तो मनोऱ्यापासून किती दूर टांगला आहे यावरही असते. वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. १ टन वजन ४० मीटरवर आणि ४ टन वजन १० मीटरवर, दोन्हींचे आघूर्ण ४० टन-मीटरच भरते.

हिशेब समजण्यासाठी एक मध्यम आकाराची क्रेन मानू. तिची जिब ५० मीटर लांब आहे. जिबचे वजन ६ टन असून ते मनोऱ्याच्या मध्यरेषेपासून २० मीटरवर एकवटले आहे असे धरता येते. म्हणजे जिबचे पुढचे आघूर्ण १२० टन-मीटर. विंचसह काउंटर जिबचे वजन ५ टन, अंतर ८ मीटर. त्याचे मागचे आघूर्ण ४०. प्रतिभार १२ टनांचा, अंतर १३ मीटर. त्याचे मागचे आघूर्ण १५६. मागच्या बाजूला एकूण १९६ आणि पुढे १२०, म्हणजे हुक रिकामा असताना क्रेन ७६ टन-मीटरने मागे झुकू पाहते.

हा असमतोल मुद्दाम ठेवलेला असतो. तराजूची पारडी रिकामी असताना सारखी राहावीत अशी अपेक्षा असते. क्रेनचे तसे नाही. आपल्या क्रेनला २० मीटरवर साडेसात टन उचलायचे आहेत असे समजा. भाराचे आघूर्ण १५० होते. त्यातून मागचे ७६ वजा केले की मनोऱ्यावर पुढच्या बाजूला ७४ उरतात. रिकामी असताना ७६ मागे, भरलेली असताना ७४ पुढे. मनोऱ्याला दोन्ही दिशांना जवळजवळ सारखेच वाकावे लागते आणि त्याच्या पायांवरचा ताणही आटोक्यात राहतो. प्रतिभार नसता, तर रिकाम्या क्रेनवर पुढच्या बाजूला ८० आणि भार घेतल्यावर तब्बल २३० टन-मीटर आले असते. जिबचे वजन पेलून झाल्यावर सर्वांत मोठ्या भाराच्या साधारण निम्म्या आघूर्णाला पुरेल एवढा प्रतिभार ठेवण्यामागे हे कारण आहे.

आता पायाकडे येऊ. मानलेली क्रेन ४ मीटर बाजूच्या चौकोनी पायावर उभी आहे. मनोरा, केबिन आणि पायाची चौकट यांचे वजन ३० टन असून पायावर आणखी ४० टनांचे काँक्रीटचे ठोकळे रचले आहेत. क्रेन उलटलीच, तर ती पायाच्या कडेवर कलेल. म्हणून आघूर्णे त्या कडेभोवती मोजावी लागतात. कड मध्यरेषेपासून २ मीटरवर आहे. जिब, काउंटर जिब, प्रतिभार, मनोरा आणि पायाचे ठोकळे मिळून क्रेनचे एकूण वजन ९३ टन. हे सारे वजन मध्यरेषेवर धरले, तर कडेभोवती १८६ टन-मीटर एवढे आघूर्ण क्रेनला जागेवर रोखून धरते.

पुढच्या कडेचा विचार करताना या १८६ मध्ये मागे ओढणारे ७६ मिळवायचे, एकूण २६२. भार मात्र पुढच्या कडेपासून मोजायचा, म्हणून त्याच्या अंतरातून २ मीटर कमी होतात. भार गुणिले हे उरलेले अंतर २६२ झाले की क्रेन उलटण्याच्या काठावर येते. मागच्या कडेसाठी १८६ मधून ७६ वजा होतात आणि ११० शिल्लक राहतात. रिकाम्या क्रेनची मागे पडण्याविरुद्धची ही राखीव शक्ती.

काठापर्यंत जाऊन काम करता येत नाही. वारा असतो, भार उचलताना झटका बसतो, वजनाचा अंदाज चुकतो. वाऱ्याचा धक्का पायाशी ६० टन-मीटर आघूर्ण निर्माण करतो असे धरून ते आधी वजा करू, २०२ उरतात. त्याला उदाहरणापुरता दीडचा सुरक्षा गुणांक लावला की सुमारे १३५ मिळतात. या क्रेनचा नियम असा ठरतो:

भार × (अंतर − २) ≤ १३५

यावरून ५० मीटरवर, म्हणजे जिबच्या टोकाला, २.८ टन उचलता येतात. ३० मीटरवर ४.८ टन आणि २० मीटरवर साडेसात टन. आणखी जवळ आले की सूत्र १० टनांहून जास्त भाराला परवानगी देईल. पण दोर आणि विंच ८ टनांसाठी बनवलेले असतील, तर मर्यादा तिथेच थांबते. म्हणून क्रेनच्या भार-तक्त्यात जवळच्या अंतरांना, इथे सुमारे १९ मीटरपर्यंत, एकच आकडा दिसतो आणि त्यापुढे तो झपाट्याने घसरत जातो. पहिला भाग दोराची मर्यादा सांगतो, दुसरा आघूर्णाची. खऱ्या तक्त्यात जिबचे आणि मनोऱ्याच्या पोलादाचे बळही तपासलेले असते आणि त्यांची मर्यादा उलटण्याच्या मर्यादेआधी येऊ शकते.

प्रतिभार वाढवला तर जास्त भार उचलता येईल, हा विचार मनात येणे साहजिक आहे. हिशेब त्याला वेसण घालतो. प्रतिभार १२ ऐवजी २५ टन केला, तर मागचे निव्वळ आघूर्ण २४५ होते. क्रेनचे वजन वाढून १०६ टन झाले तरी मागच्या कडेभोवती रोखणारे आघूर्ण २१२ च राहते. ३३ टन-मीटर कमी पडतात. ही क्रेन उभी राहायची असेल, तर २० मीटरवर किमान दीड टन भार हुकला सतत लटकत राहिला पाहिजे. भाराला वरची मर्यादा तर असतेच, इथे खालचीही लागू होते. भार खाली टेकवून हुक सोडला की क्रेन मागे कोसळेल. उपयोगी क्रेनची भारकक्षा शून्यापासून सुरू झाली पाहिजे. आपल्या क्रेनसाठी ही अट प्रतिभार २२ टनांपर्यंतच पाळते आणि वाऱ्याचे ६० टन-मीटर मागच्या बाजूने धरले, तर जेमतेम साडेसोळा टनांपर्यंत.

हाच हिशेब उभारणीचा क्रमही ठरवतो. मनोऱ्यावर आधी काउंटर जिब चढते. त्यानंतर लगेच चारही ठोकळे, म्हणजे पूर्ण १२ टन लावले, तर मागचे आघूर्ण १९६ होते; जिब नसताना क्रेनचे वजन ८७ टन आणि रोखणारे आघूर्ण १७४. क्रेन तिथेच मागे पडेल. ३ टनांचा एकच ठोकळा आधी लावला, तर मागे ७९ येतात. मग जिब चढवली की तोल पुढे ४१ वर जातो आणि उरलेले तीन ठोकळे लावले की तो मागे ७६ वर स्थिरावतो. प्रत्येक टप्पा मर्यादेत राहतो. क्रेन उतरवताना हाच क्रम उलटा पाळायचा असतो. किती ठोकळे केव्हा लावायचे किंवा काढायचे, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते.

इमारत वाढत जाते तसा मनोराही वाढवावा लागतो. त्यासाठी वरचा डोलारा जॅकने उचलून मध्ये नवा खंड सरकवतात. त्या वेळी मनोऱ्याचे बोल्ट किंवा पिना सुटलेल्या असतात आणि वरचा भाग केवळ बाहेरच्या पिंजऱ्याच्या आधारावर असतो. मागचे ७६ टन-मीटर तसेच राहिले, तर पिंजरा वाकडा ओढला जाईल. म्हणून हुकाला २ टनांचे वजन लावून ट्रॉली ३८ मीटरवर नेतात. २ गुणिले ३८ बरोबर ७६, आणि तोल शून्यावर येतो. तो साधला की नाही, हे पिंजऱ्याच्या रोलरांवरून कळते. पुढच्या आणि मागच्या रोलरांपाशी फट सारखी असली, तर तोल बरोबर आहे. हे काम चालू असताना जिब वळवायची नसते आणि ट्रॉली हलवायची नसते.

आघूर्ण मनोऱ्यातून खाली उतरते तेव्हा त्याच्या एका बाजूचे पाय दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे वर ओढले जातात. १.६ मीटर रुंदीच्या मनोऱ्यात ७६ टन-मीटर म्हणजे एका बाजूला सुमारे साडेसत्तेचाळीस टनांची ओढ. वरचे वजन त्यातली काही ओढ कमी करते. उरलेली खंडांना जोडणाऱ्या पिना किंवा बोल्ट पेलतात. अमेरिकेतील सिएटल शहरात २७ एप्रिल २०१९ रोजी एक टॉवर क्रेन उतरवताना मनोऱ्याच्या जवळजवळ सगळ्या पिना वेळेआधी काढल्या गेल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि मनोरा कोसळून ४ जणांचा जीव गेला. वजने जागच्या जागी असली तरी ओढ पेलणारा सांधाच उरला नाही, तर तोलाचा हिशेब कागदावर राहतो.

पायाखालची जमीनही या हिशेबाचा भाग आहे. जिब पायाच्या बाजूला काटकोनात असते तेव्हा उलटण्याचा धोका सर्वाधिक, कारण कड सर्वांत जवळ असते. जिब कर्णाच्या दिशेला वळली की एकाच कोपऱ्यावर सर्वाधिक भार येतो. टोकाला २.८ टन आणि त्याच दिशेने वारा असताना आपल्या क्रेनच्या प्रत्येक कोपऱ्यावर सरासरी २४ टन येतात, पण जिबखालच्या कोपऱ्यावर सुमारे ४६ टन. तिथली माती पावसाने भुसभुशीत झाली, तर पाया खचतो, मनोरा कलतो, भाराचे अंतर आपोआप वाढते आणि कल आणखी वाढत जातो. ओळंबा किंवा थिओडोलाइट लावून मनोरा सरळ आहे का, हे वेळोवेळी पाहतात ते यासाठीच. बऱ्याच क्रेनचा मनोरा थेट काँक्रीटच्या मोठ्या पायात रोवलेला असतो. तिथे पायावरच्या ठोकळ्यांच्या जागी त्या काँक्रीटचे वजन धरायचे, बाकी हिशेब तोच.

रोजच्या कामात हा हिशेब क्रेनवरची उपकरणे करतात. भारमर्यादक हुकावरचे वजन पाहतो आणि आघूर्णमर्यादक पोलादाच्या वाकण्यावरून आघूर्ण ओळखतो. मर्यादा ओलांडू लागली की भार उचलणे आणि ट्रॉली बाहेर नेणे बंद पडते. ट्रॉली आत घेणे आणि भार खाली उतरवणे चालू राहते, कारण त्या दोन्ही हालचालींनी धोका कमी होतो. भार जमिनीत रुतलेला असेल, किंवा तो तिरका ओढला जात असेल, तर मात्र दोरातली ओढ क्षणात वाढते आणि उपकरण सावध होण्याआधीच पोलादावर झटका बसतो. भार अचानक सुटला, तर हा झटका मागच्या दिशेने बसतो.

म्हणून भार-तक्ता वाचताना आधी अंतर पाहायचे आणि मग वजन. ज्या ठिकाणाहून भार उचलायचा आणि ज्या ठिकाणी ठेवायचा, त्यांपैकी जे मनोऱ्यापासून दूर असेल, तिथला आकडा धरायचा. भार जवळून उचलता आला, म्हणजे तो टोकापर्यंत नेता येईल असे नाही.