लाल गोळ्यातली चंद्रकोर

क्षयाच्या थुंकीची तपासणी जिथे होते तिथल्या टेबलावर एक बाटली हमखास असते: गडद किरमिजी, उग्र वासाची, झाकणाभोवती हिरवट चकाकी धरलेली. कार्बोल फुक्सिन. बोटाला लागलं तर दोन दिवस जात नाही. थुंकीतल्या क्षयाच्या काड्या दाखवायला 1880च्या दशकात जर्मनीत झील आणि नीलसन यांनी जी पद्धत बसवली तिचा हा पहिला रंग. याच बाटलीतून, आम्लाची धार थोडी बोथट करून, शौचाच्या नमुन्यात एक वेगळाच जीव दिसतो. तो जंतू नाही, काडी नाही आणि क्षयाशी त्याचं काही नातंही नाही. त्याचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम.

अमेरिकेतल्या अर्नेस्ट टायझर यांनी 1907 साली उंदराच्या जठरात हा परजीवी पाहिला. नावाचा अर्थच ‘लपलेला बीजाणू’. माणसातली त्याची पहिली नोंद व्हायला 1976 उजाडलं आणि तीही आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर. पुढे 1981 साली डेन्मार्कमध्ये हेन्रिक्सन आणि पोलेन्झ यांनी वासरांच्या शेणावर झील-नीलसनची सौम्य आवृत्ती वापरून पाहिली आणि शेणातले गोळे लालभडक उठून आले. आतड्याचा तुकडा काढायची गरज संपली. एक काच, तीन बाटल्या आणि पाऊण तास पुरेसा ठरला.

लाल होतात त्या या परजीवीच्या ऊसिस्ट. रोग्याच्या पोटातून बाहेर पडताना परजीवी स्वतःभोवती एक कवच गुंडाळतो. कवचाच्या आत केळ्यासारखे वाकडे चार बाळजीव एकमेकांना बिलगून बसलेले असतात. एवढा सगळा संसार साधारण पाच मायक्रॉनच्या गोळ्यात, म्हणजे आपल्या तांबड्या रक्तपेशीहूनही लहान जागेत. कवच इतकं चिवट की नळाच्या पाण्यात असतं तेवढं क्लोरीन त्याला मारू शकत नाही. 1993 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हे गोळे पाणीपुरवठ्यात शिरले आणि अंदाजे चार लाख माणसं आजारी पडली. साध्या शौच तपासणीत ते दिसत नाहीत, त्यामुळे मुद्दाम रंगवून बघेपर्यंत जुलाबाचं कारण कळत नव्हतं. 7 एप्रिलला सात प्रौढांच्या नमुन्यांत ऊसिस्ट सापडल्याचं कळलं आणि त्याच दिवशी पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली.

आता या रंगाची गंमत. कवचात मेदासारखे पदार्थ असतात, म्हणून पाण्यातला साधा रंग आत शिरत नाही. कार्बोल फुक्सिनमध्ये फिनॉल असतं आणि ते रंगाला मेदात शिरायची वाट करून देतं. एकदा आत गेलेला रंग मग आम्लानेही चटकन निघत नाही. बाकी सगळं, म्हणजे आतड्यातले जीवाणू, यीस्ट, पू पेशी आणि अन्नाचे कण, आम्ल लागताच रंग सोडतं. थोडक्यात, आधी सगळ्यांनाच रंगवायचं आणि मग बघायचं की रंग कोण सोडत नाही.

कसोटीचा क्षण तोच, धुण्याचा. क्षयाच्या काडीला 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल सोसतं. तेच ऊसिस्टवर ओतलं तर तिचाही रंग निघून जायची भीती. म्हणून इथे 1 टक्का. क्षयाच्या बाकावरची आम्लाची बाटली सवयीने उचलून शौचाच्या काचेवर ओतणारा नवखा तंत्रज्ञ मी पाहिला आहे. काच सुंदर निळी झाली होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

मी वापरते ती किन्यूनची थंड पद्धत, खालून ज्योत न लावता करायची. उष्णतेचं काम इथे रंग आणि फिनॉल जास्त घेऊन भागवलेलं असतं. फॉर्मलिन आणि एथिल अ‍ॅसिटेट घालून सेंट्रिफ्यूज केलेल्या नमुन्याच्या तळातला थेंब काचेवर पातळ पसरायचा, इतका पातळ की ओला असताना खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यावीत. (सेंट्रिफ्यूज गुरुत्वाच्या 500 पट, दहा मिनिटं. त्याहून हळू फिरवलं तर हे हलके गोळे तळाला न बसता ओतून टाकायच्या पाण्याबरोबर निघून जातात.) काच सुकली की मिथेनॉलमध्ये एक मिनिट. मग कार्बोल फुक्सिन पाच मिनिटं. 50 टक्के अल्कोहोलची झटपट एक धार, लगेच पाणी. मग 1 टक्का आम्ल दोन मिनिटं, किंवा काचेवरून उतरणारं पाणी रंगहीन होईपर्यंत. पुन्हा पाणी. शेवटी मिथिलीन ब्ल्यू एक मिनिट, धुवायचं आणि सुकवायचं. सोबत नेहमी आणखी एक काच चालवायची, जिच्यावर ऊसिस्ट आहेत हे आधीच माहीत आहे. तिच्यावर गोळे लाल झाले नाहीत तर त्या दिवशीच्या एकाही काचेवर विश्वास ठेवायचा नाही.

काच वाचायला बसताना मी आधी लाल शोधतच नाही, निळा बघते. पार्श्वभूमी आणि यीस्ट निळे आहेत का? पू पेशींची केंद्रकं निळी आहेत का? त्यांच्यावर गुलाबी छटा असेल तर आम्ल कमी पडलं आहे. मग प्रत्येक लाल वस्तू संशयास्पद, आणि काच फेकून नवी करायची. स्मिअर जाड झाला की असंच होतं. जाड ढिगाच्या पोटात आम्ल पोचत नाही आणि तिथे सगळंच लाल राहतं.

निळा जमला की चाळिसाच्या लेन्सने फिरायचं, दोनशे ते तीनशे क्षेत्रं, आणि काही लाल भेटलं की तेल टाकून शंभराची लेन्स. तेलातल्या लेन्सखाली आमच्या आयपीसच्या मोजपट्टीचा एक भाग साधारण एक मायक्रॉन भरतो. मोजपट्टी नसेल तर जवळपासच्या तांबड्या रक्तपेशीशी तुलना करायची. ती साधारण सात मायक्रॉनची.

एका काचेची गोष्ट सांगते. चाळिशीतला, एचआयव्हीबाधित पुरुष. तीन आठवडे पाण्यासारखे जुलाब. साध्या शौच तपासणीचे दोन अहवाल ‘विशेष काही नाही’ असे आलेले. ते खोटे नव्हते. रंगाशिवायच्या काचेत ऊसिस्ट यीस्टसारख्याच दिसतात, आणि त्या शोधायला कोणी सांगितलंही नव्हतं.

अकराव्या क्षेत्रात पहिला लाल ठिपका आला. काळपट लाल, कडा खडबडीत, आणि फोकस किंचित हलवला की तो पातळीच्या वर तरंगायला लागला. रंगाचा खडा. बाटली न गाळता वापरली की हे होतं. पुढे तीन-चार मायक्रॉनचे अंडाकृती काही दिसले, निळे, आणि एकाच्या टोकाला बारीक अंकुर. यीस्ट.

चौतिसाव्या क्षेत्रात एक गोल आला. पट्टीवर पाच भाग. कड गुळगुळीत, बाहेरची रेघ स्वच्छ. पण लाल सगळीकडे सारखा नव्हता. एका बाजूला गडद चंद्रकोर, तिच्याशेजारी फिकट गुलाबी जागा, मध्ये काळसर दाणे. आतले बाळजीव जिथे होते तिथे रंग दाटला होता. शेजारी त्याच मापाचा एक गोळा जवळजवळ कोराच, फक्त कडा दिसतील इतका फिकट. आम्ही त्याला भूत म्हणतो. या दोघांना एकत्र पाहिल्यावर मला खरा विश्वास बसला. ऊसिस्ट एकाच काचेवर एकसारखा रंग घेत नाहीत. काही गडद, काही ठिपकेदार, काही कोऱ्या. सगळे गोळे सारखेच गुळगुळीत लाल दिसले असते तर मी उलट संशय घेतला असता.

पन्नाशीच्या क्षेत्रांत असे आणखी सहा सापडले. मग एक मोठा गोल आला आणि मी थांबले. पट्टीवर नऊ भाग! पाचचा गोळा नऊ होत नाही. आठ ते दहा मायक्रॉनचा, असाच कमी-अधिक लाल होणारा सायक्लोस्पोरा हा याचा चुलतभाऊ. त्याच्यावर औषध वेगळं, म्हणून हा फरक महागात पडतो. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्याची कड एका बाजूने तुटकी, आत रचना काही नाही, आणि तसा दुसरा कुठेही नाही. एका वस्तूवर अहवाल देत नाहीत. ती मी टिपणवहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी नवा नमुना मागवला. त्यात पाचचे गोळे भरपूर होते, नऊचा एकही नव्हता. तिसरा चुलतभाऊ, सिस्टोआयसोस्पोरा, वीस ते तीस मायक्रॉनचा लांबट असतो. त्याच्यात घोटाळा होत नाही.

या माणसाचे जुलाब पाण्यासारखे होते म्हणून काम सोपं गेलं. 1991 साली मोजून पाहिलेलं आहे की पातळ शौचात एका ग्रॅमला दहा हजार ऊसिस्ट असल्या की ही पद्धत खात्रीने पकडते. घट्ट शौचात मात्र तीच खात्री यायला पाच लाख लागतात. आणि 1995 सालच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना लागण व्हायला सुमारे 132 ऊसिस्ट पुरल्या होत्या. म्हणजे आजारी करायला शे-सव्वाशे बस, पण काचेवर खात्रीने दिसायला ग्रॅममागे हजारो, कधी लाखो हव्यात. शिवाय रोगी रोज सारख्याच टाकत नाही. म्हणून काच कोरी आली तर मी ‘नाही’ असं लिहीत नाही. ‘या नमुन्यात आढळल्या नाहीत’ असं लिहिते आणि एक-एक दिवस सोडून आणखी दोन नमुने मागते.

त्या माणसाच्या अहवालात मी लिहिलं: क्रिप्टोस्पोरिडियमच्या ऊसिस्ट, साधारण पाच मायक्रॉन, भरपूर. त्याचा उरलेला नमुना फॉर्मलिनमध्ये बंद करून फ्रिजच्या दारात ठेवला आहे. दर वेळी रंगकाम सुरू करताना त्यातला एक थेंब पहिल्या काचेवर पसरते, म्हणजे त्या दिवशीची बाटली खरं बोलते आहे का ते कळतं.