दोन सिम, रेडिओ एकच

फोनच्या सेटिंगमध्ये सिमचं पान उघडलं की कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ असा पर्याय मिळतो. डेटासाठी मात्र दोघांपैकी एका सिमवर बोट ठेवावंच लागतं, मग दुसऱ्या सिमवरचा रोजचा दीड जीबी वापराविना वाया गेला तरी चालेल. पुष्कळांना यात कंपन्यांचा काहीतरी डाव दिसतो. डाव वगैरे काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये सिमच्या खाचा दोन असल्या, तरी टॉवरशी बोलणारा रेडिओ एकच असतो.

`*#06#` डायल केलं तर पडद्यावर दोन IMEI क्रमांक दिसतात, प्रत्येक खाचेचा एक. म्हणजे दोन्ही मोबाइल कंपन्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळे फोन आहेत आणि एकीला दुसरीची खबर नाही. या दोन कागदोपत्री फोनमध्ये एकच रेडिओ फिरवायचा, या व्यवस्थेला ‘ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय’ म्हणतात. सगळी गंमत त्यातल्या ‘स्टँडबाय’मध्ये आहे.

खिशातला फोन टॉवरशी सतत जोडलेला असतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काम नसताना तो जवळजवळ पूर्ण वेळ झोपलेला असतो. एसटी स्टँडवर डुलक्या घेणारा प्रवासी घोषणेपुरते कान टवकारतो आणि आपली गाडी नसली की पुन्हा डोळे मिटतो, तसंच काहीसं. ‘तुझ्यासाठी कॉल आहे’ ही हाक, म्हणजे पेजिंग, टॉवर ठरलेल्या क्षणीच देतो. 4जीमध्ये हे चक्र बहुधा 1.28 सेकंदांचं असतं. त्यातली आपल्या वाट्याची हाक एका मिलिसेकंदात उरकते. रेडिओ जागा करणं, टॉवरशी वेळ जुळवणं हे धरलं तरी काही मिलिसेकंदांचंच काम. उरलेला वेळ रेडिओ मोकळा असतो, आणि त्या मोकळ्या वेळात तो दुसऱ्या सिमची हाक ऐकून येतो. दोन सिम स्टँडबायवर ठेवणं म्हणूनच स्वस्तात जमतं. बॅटरी थोडी जास्त जाते, इतकंच.

इंटरनेटचं तसं नाही. व्हिडिओ सुरू झाला की फोन आणि टॉवर यांच्यात दर काही मिलिसेकंदांनी देवाणघेवाण चालते. कुठला तुकडा पोहोचला, कुठला पुन्हा पाठवायचा, सिग्नल कसा आहे, हे सगळं फोनला सतत कळवावं लागतं. त्यामुळे रेडिओ जवळजवळ पूर्ण वेळ एकाच सिमकडे गुंततो. दोन सिमसाठी असा पूर्ण वेळ एकाच रेडिओकडून कसा मिळणार?

बरं, रेडिओ दोन दिले तरी एक अडचण राहतेच. प्रत्येक कंपनी फोनला आपापला इंटरनेट पत्ता देते. डाउनलोड एका पत्त्यावर चालू असताना मध्येच दुसऱ्या सिमवर उडी मारली, तर समोरच्या सर्व्हरला तो वेगळाच ग्राहक वाटतो आणि जोडणी तुटते. एकच फाइल दोन पत्त्यांवर वाटून घ्यायची तर अ‍ॅप आणि सर्व्हर या दोघांनाही तशी सोय असावी लागते. ती सहसा नसते.

आता थोडं खोलात जाऊ. ‘डेटा नसलेलं’ सिम डेटाशिवाय असतं, असंही नाही. 4जीवरचा कॉल, म्हणजे VoLTE, हा मुळात डेटाच असतो. तो कंपनीच्या आतल्या खास वाटेने जातो, एवढाच फरक. डेटासाठी न निवडलेल्या सिमचीही ही छोटी वाट फोन उघडी ठेवतो. सेटिंगमधलं बटण अडवतं ते फक्त इंटरनेटची वाट. 2016मध्ये जिओ आलं तेव्हा तिच्याकडे 2जी-3जी नव्हतंच, कॉलही 4जीवरूनच जायचा. त्या वेळच्या कित्येक फोनमध्ये 4जी एका वेळी एकाच खाचेला मिळायचं, म्हणून डेटा कुठल्या सिमला द्यायचा यावर जिओचे कॉल लागणंही अवलंबून असायचं. दोन्ही खाचांत VoLTE चालणारे फोन नंतर आले.

एक प्रसंग घेऊ. सिम 1 वर क्रिकेटचा सामना चालू आहे आणि सिम 2 नुसतं स्टँडबायवर आहे. रेडिओ दर 1.28 सेकंदांनी सामना क्षणभर सोडून सिम 2 च्या टॉवरकडे वळतो. ही गैरहजेरी इतकी लहान असते की व्हिडिओने आधीच साठवलेल्या भागामुळे ती आपल्याला जाणवत नाही. वेग किंचित घटतो. मग सिम 2 ची हाक येते, घंटी वाजते, तुम्ही फोन उचलता. आता रेडिओ सिम 2 चा झाला. सामना साठवलेल्या भागापुरता पुढे सरकतो आणि चक्र गरगरायला लागतं. सिम 1 च्या कंपनीला यातलं काहीच माहीत नसतं. तिच्या लेखी फोन अचानक गप्प झालेला असतो. तेवढ्यात कोणी सिम 1 वर फोन केला, तर हाकेला उत्तर न मिळाल्याने त्याला ‘बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे’ असं ऐकवलं जातं. तुम्ही मात्र घरातच बसून बोलत असता, आणि सिम 1 च्या दांड्याही भरलेल्या दिसतात. काही फोनमध्ये ऐकण्याचे भाग दोन असतात. त्यांना बोलता बोलता दुसऱ्या सिमची हाक ऐकू येऊ शकते.

कोणीच बोलत नसतानाही कॉल चुकू शकतो. हाकेचा क्षण सिममधल्या ओळख क्रमांकावरून गणिताने ठरतो. दोन कंपन्यांच्या दोन टॉवरचे क्षण योगायोगाने एकावर एक आले, तर रेडिओला एकच हाक ऐकता येते. दोन्ही चक्रं सारख्याच लांबीची असली की ही टक्कर पुढच्या फेरीतही होते. टॉवर बदलला की मात्र जुळणी बदलते. म्हणून घरी कॉल चुकतात आणि ऑफिसात चुकत नाहीत, असं घडू शकतं. टॉवर हाक पुन्हा देतो, फोनही आलटून पालटून ऐकतो, त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या 3GPP या संस्थेने आपल्या सतराव्या आवृत्तीत यावर उपाय घातला आहे. फोनने नेटवर्कला ‘माझी वेळ जरा सरकवा’ अशी विनंती करायची. अर्थात ही सोय फोन आणि नेटवर्क या दोन्हींत असली तरच उपयोग.

सिग्नल चांगला असूनही एका सिमवर मिस्ड कॉलचे एसएमएस वारंवार येत असतील, तर त्यांच्या वेळा दुसऱ्या सिमच्या कॉल-नोंदींशी ताडून पाहा. वेळा जुळल्या तर दोष सिग्नलचा नाही, वाटून घेतलेल्या रेडिओचा आहे. अशा वेळी कॉल फॉरवर्डिंगमधला ‘संपर्क न झाल्यास’ हा पर्याय कामाला येतो. सिम 1 चे न लागलेले कॉल सिम 2 च्या नंबरवर वळवले की चालू बोलण्यातच कॉल वेटिंगची टुकटुक ऐकू येते. वळवलेल्या कॉलचा खर्च वळवणाऱ्याच्या प्लॅनवर पडतो. हे फोनच्या कॉल सेटिंगमधून किंवा कंपनीकडून करून घ्यावं. फसवणुकीच्या तक्रारींमुळे डायल करायच्या कोडवरून होणारं फॉरवर्डिंग दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून थांबवायला सांगितलं होतं. कोणी अनोळखी माणूस असा कोड दाबायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्यावा.

अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आणखी एक सोय असते. कॉल चालू असेपर्यंत इंटरनेट त्याच सिमवर सरकवायचं. iPhoneवर तिचं नाव `Allow Cellular Data Switching`, अँड्रॉइडवर ते फोनगणिक बदलतं. रेडिओ त्या सिमकडे आहेच, तर डेटाही तिथूनच घ्यायचा, असा हिशेब. मात्र त्या सिमवर डेटा पॅक नसेल तर त्या वेळेपुरते पैसे मुख्य शिलकीतून जाऊ शकतात, हे आधी पाहून ठेवावं. काही फोन याच्या उलटही करतात. डेटाच्या सिमचं इंटरनेट वापरून दुसऱ्या सिमचा वायफाय कॉल चालवतात. त्यासाठी दुसऱ्या सिमच्या कंपनीची वायफाय कॉलिंगची सेवा चालू असावी लागते. खरोखर दोन रेडिओ असलेले, ‘ड्युअल अ‍ॅक्टिव्ह’ म्हणवणारे फोनही आता मिळतात. घेताना खोक्यावर नुसतं ‘ड्युअल 5जी’ वाचून भुलू नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ दोन्ही खाचांत 5जी सिम चालतं, एवढाच असतो.