‘तासभर’ की ‘तासाभरात’?

झेनो वेंडलरने 1957 मध्ये केलेले चार वर्ग तुम्ही वाचले असतील: स्टेट, अॅक्टिव्हिटी, अकम्प्लिशमेंट आणि अचीव्हमेंट. क्रियापदांची यादी करून ती या चार खणांत टाकायला जाल, तर तिथेच अडाल. जळगावच्या केळीचं उदाहरण घेऊ.

‘मजुरांनी तासभर केळी भरली.’ इथे शेवट ठरलेला नाही, म्हणून ही अॅक्टिव्हिटी. ‘मजुरांनी तासाभरात ट्रक भरला.’ ट्रक भरला की काम संपलं, म्हणून हे अकम्प्लिशमेंट. क्रियापद एकच, पण वर्ग बदलला, कारण कर्म बदललं. आता ‘तासाभरात केळी भरली’ म्हणून बघा. लगेच ‘ठरलेली सगळी केळी’ असा अर्थ होतो. म्हणजे वर्ग पूर्ण वाक्याचा असतो.

‘गाडी दोन तासांत धुळ्याला पोचली’ यातही ‘तासांत’ चालतं. पण ते दोन तास प्रवासाचे, पोचण्याचे नाहीत. ट्रक अर्धा भरतो, गाडी ‘अर्धी पोचत’ नाही. हे अचीव्हमेंट. ‘मला अहिराणी येते’ ही स्टेट. तिला ‘तासाभरात’ चालत नाही, आणि या अर्थाने ‘येत आहे’ही म्हणता येत नाही.

फील्डवर्कमध्ये एक अडचण हमखास येते. ‘तासभर ट्रक भरला, पण अर्धाच झाला’ हे वाक्य काही जण चालवून घेतात. लगेच वर्ग बदलू नका. ‘भरून टाकला, पण अर्धाच झाला’ हेही विचारा. ते नाकारलं, तर साध्या भूतकाळाने काम पुरं झाल्याची हमी दिली नव्हती, ती ‘टाकला’ने दिली. म्हणून दोन्ही उत्तरं वेगवेगळी नोंदवा.