पीआयपी : पगार चालू, बाकीचं अधांतरी

फेब्रुवारीत एचआरचा मेल येतो : साठ दिवसांचा पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारणा योजना. ज्याला तो येतो त्याला आधी भीती वाटते ती पगाराची. महिन्याचा पगार मात्र सहसा ठरल्याप्रमाणे जमा होत राहतो. घाव बसतो तो इतर ठिकाणी.

समजा, हिंजवडीतल्या एका अभियंत्याचं वार्षिक पॅकेज १८ लाख आहे : १५ लाख ठरलेला पगार आणि ३ लाख व्हेरिएबल. पीआयपी एप्रिलच्या अप्रेझलच्या तोंडावर आला. बऱ्याच कंपन्यांत पीआयपीवर असलेल्याला त्या फेरीत हाईक मिळत नाही. इतरांना ८ टक्के मिळाली, तर याचे वर्षाला १ लाख २० हजार गेले. पीआयपी पार केला तरी ते मागच्या तारखेपासून मिळतीलच असं नाही, आणि पुढच्या वर्षीची हाईकही याच कमी पगारावर मोजली जाणार.

व्हेरिएबलचं गणित त्याहून खडतर. खालचं रेटिंग ते शून्यावर आणू शकतं. शिवाय अनेक योजनांत एक अट असते : पैसे वाटले जातील त्या दिवशी कर्मचारी रोलवर हवा आणि नोटीस पिरियडमध्ये नको. वर्षभर राबलेला माणूस मे महिन्यात पेपर टाकतो आणि जूनचं पेमेंट गमावतो, ते याच अटीमुळे.

मग लढायचं की बोलणी करायची? उद्दिष्टं मोजता येण्यासारखी असतील, दर आठवड्याला बैठक होत असेल, तर लढण्यात अर्थ आहे. ‘मालकीची भावना दाखवा’ अशी उद्दिष्टं असतील, मॅनेजर बैठका टाळत असेल आणि महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे गेलं असेल, तर निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. अशा वेळी मुदत संपायची वाट पाहण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं. नंतर कंपनीला देण्याचं फारसं कारण उरत नाही. ॲमेझॉनने २०१७ मध्ये आणलेल्या ‘पिव्होट’ पद्धतीत तर भरपाई घेऊन जाण्याचा पर्याय सुरुवातीलाच समोर ठेवला जाई.

मागायचं काय? आपला अभियंता ऑगस्ट २०२१ मध्ये रुजू झाला होता. एप्रिल २०२६ मध्ये पीआयपी संपून दोन महिन्यांची नोटीस मिळाली, तर तो जूनमध्ये बाहेर पडेल, ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांना दोन महिने कमी. (२४० दिवसांचा हिशेब धरून काही निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागले आहेत, पण त्या भरवशावर बसू नये.) मूळ पगार ६२,५०० असेल, तर १५/२६ च्या सूत्राने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख ८० हजार होते. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकीच ‘लास्ट वर्किंग डे’ची तारीखही मागावी : ऑगस्टअखेरपर्यंत रोलवर, काम नसलं तरी चालेल.

हे सगळं, रिलिव्हिंग लेटर आणि जॉइनिंग बोनसची वसुली माफ असल्याच्या उल्लेखासह, सहीच्या कागदावर उतरल्याशिवाय राजीनाम्याचा मेल पाठवू नये. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं एकदा लिहून दिलं, की एचआरला वाटाघाटींची गरजच राहत नाही.