पाच हजारांची पेटी

गृहनिर्माण सोसायटीचे मोठे खर्च सहसा वादात सापडत नाहीत. लिफ्टच्या देखभालीचा करार, सुरक्षारक्षकांचा पगार, पाणीपट्टी, विजेचं बिल हे सगळं धनादेशाने किंवा बँकेतून थेट जातं आणि पासबुकात त्याची नोंद उरते. वार्षिक सभेत आवाज चढतात ते झेरॉक्स, रिक्षा, बल्ब आणि प्लंबरच्या मजुरीवरून. हे पैसे रोखीने जातात. कधी ते सचिव खिशातून देतात, कधी एखाद्या सभासदाने रोख भरलेल्या देखभाल शुल्कातून परस्पर खर्च होतात. सहा महिन्यांनी हिशेब लावायला बसलं की आठवणींवर विसंबावं लागतं.

यावरचा उपाय जुना आणि अगदी साधा आहे. लेखापाल त्याला इंप्रेस्ट पद्धत म्हणतात, सरकारी मराठीत तिला अग्रदाय असं नाव आहे. किरकोळ खर्चासाठी एक रक्कम कायमची ठरवून एका जबाबदार माणसाच्या हाती द्यायची आणि महिनाअखेरीला जेवढा खर्च झाला तेवढेच पैसे बँकेतून काढून ती पुन्हा पूर्ण करायची. या पद्धतीचा कणा एका वाक्यात सांगता येतो: पेटीतली रोख आणि पेटीतली व्हाउचरं यांची बेरीज कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी ठरलेल्या रकमेइतकीच आली पाहिजे.

अठ्ठेचाळीस सदनिकांची एक नमुन्याची सोसायटी डोळ्यांसमोर ठेवू. रक्कम किती ठरवायची, हा तिथला पहिला प्रश्न. अंदाजाने आकडा टाकण्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांचा किरकोळ रोख खर्च काढावा. समजा, तो 3,870, 4,310 आणि 3,620 रुपये निघाला. सरासरी चार हजारांच्या आत आहे, तेव्हा थोडी सवड ठेवून पाच हजार रुपये पुरेसे होतात. दहा हजार ठेवले तर निम्मे पैसे खणात पडून राहतात आणि जोखीम वाढते. दोन हजार ठेवले तर दर पंधरवड्याला धनादेश लिहावा लागतो आणि कंटाळून लोक पुन्हा खिशातून खर्च करायला लागतात.

मग व्यवस्थापक समितीने ठराव करावा. रक्कम पाच हजार, ती सांभाळणार कार्यालयातला व्यवस्थापक, एका खर्चाची कमाल मर्यादा एक हजार रुपये, त्यावरचा प्रत्येक खर्च धनादेशाने, एवढं त्यात स्पष्ट असावं. पेटी सांभाळणारा आणि धनादेशावर सही करणारा माणूस मात्र एकच नसावा. खर्च करणं आणि तो तपासून भरपाई मंजूर करणं ही दोन कामं एकाच हातात गेली की तपासणी उरतच नाही.

1 एप्रिलला व्यवस्थापकाच्या नावाने पाच हजारांचा धनादेश निघतो. त्या दिवशी कोणताही खर्च झालेला नसतो. बँकेतले पैसे पेटीत आले, इतकंच. म्हणून रोजकीर्दीत ‘किरकोळ रोख खाते’ पाच हजारांनी नावे आणि बँक खाते तेवढ्यानेच जमा होतं. पुढे रक्कम वाढवायची किंवा घटवायची ठरेपर्यंत हा आकडा ताळेबंदात जसाच्या तसा राहतो.

आता रोजचा खर्च. पैसा पेटीबाहेर जाताना त्याच्या जागी कागद आत आला पाहिजे, आणि तो त्याच क्षणी. व्हाउचरवर छापील अनुक्रमांक, तारीख, पैसे कोणाला आणि कशासाठी दिले, रक्कम अंकी व अक्षरी, घेणाऱ्याची सही आणि खर्चाचं खातं एवढं हवं. दुकानाचं बिल मागे टाचावं. रिक्षाचं किंवा हमालाचं बिल मिळत नाही. तिथे व्हाउचर हाच पुरावा असतो, म्हणून ‘प्रवास’ एवढंच न लिहिता कुठून कुठे आणि कोणत्या कामासाठी, हे लिहावं. हल्ली बरीच बिलं उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येतात आणि काही महिन्यांत कोरी पडतात. लेखापरीक्षण वर्ष संपल्यावर होतं, तेव्हा अशा बिलाची झेरॉक्स त्याच दिवशी काढून सोबत लावलेली बरी.

व्हाउचरांवरून किरकोळ रोख पुस्तक लिहायचं. त्यात तारीख, व्हाउचर क्रमांक, तपशील आणि रक्कम यांच्यापुढे नेहमीच्या खर्चांचे रकाने आखलेले असतात: दुरुस्ती, लेखनसामग्री, स्वच्छता, टपाल, प्रवास, सभाखर्च. प्रत्येक रक्कम एकदा एकूण रकान्यात आणि एकदा आपापल्या खात्याच्या रकान्यात जाते. महिनाअखेरीला उभ्या बेरजा मारल्या की कोणत्या खात्यावर किती गेले, ते समोर असतं.

आपल्या सोसायटीचा जून महिना पाहू. महिन्याच्या सुरुवातीला जिन्यात दोन बल्ब बसवले, 240 रुपये. पहिल्या मोठ्या पावसाआधी गच्चीवरचा पाइप मोकळा करून घेतला, मजुरी 800. पंपाचा वॉशर आणि प्लंबर मिळून 650, पंपाच्या खोलीला नवं कुलूप 380. हे चारही खर्च दुरुस्तीचे, बेरीज 2,070. झेरॉक्स आणि वह्या 370, फिनेल आणि झाडू 465, थकबाकीदारांना स्पीड पोस्टाने नोटिसा 165, बँकेच्या कामाला रिक्षा 120, समितीच्या सभेचा चहा 210. दहा व्हाउचरं आणि एकूण खर्च 3,400 रुपये.

30 जूनला खजिनदार आणि व्यवस्थापक समोरासमोर बसून पेटी मोजतात. पाच हजारांतून 3,400 गेले, म्हणजे 1,600 असायला हवेत. नोटा निघतात पाचशेच्या दोन, शंभराच्या चार, पन्नासच्या दोन, वीसच्या तीन आणि दहाच्या दोन. बेरीज 1,580. वीस रुपये कमी आहेत.

या वीस रुपयांशी कसं वागायचं, यावर पेटीचा विश्वास ठरतो. आधी पुस्तकातल्या बेरजा आणि प्रत्येक व्हाउचर बिलाशी ताडून पाहावं. तरीही फरक सापडला नाही, तर तो ‘रोख तूट’ या खात्यावर उघडपणे लिहावा. व्यवस्थापकाने संकोचून स्वतःचे वीस रुपये टाकू नयेत. तूट खिशातून भरायची सवय लागली की जादा निघालेले पैसे खिशात टाकायलाही तीच सवय कारण पुरवते. जादा रोख हीसुद्धा चूकच असते. बहुधा कोणाला तरी व्हाउचरपेक्षा कमी पैसे मिळालेले असतात किंवा बाहेरचे पैसे पेटीत मिसळलेले असतात. एकदा वीस रुपये चुकणं सुट्या पैशांच्या घाईत घडू शकतं. दर महिन्याला तूटच येत असेल, तर मात्र समितीने हाताळणी बदलायला हवी.

भरपाईचा धनादेश निघतो 3,420 रुपयांचा. साडेतीन हजारांचा नाही आणि सरसकट पाच हजारांचाही नाही. पेटीतले 1,580 आणि हे 3,420 मिळून पुन्हा पाच हजार होतात. रक्कम ‘गोल’ केली की ठरलेला आकडा मोडतो आणि पुढच्या महिन्यात मोजणी कशाशी ताडायची, हेच कळेनासं होतं. सही करणाऱ्याने दहाही व्हाउचरं पाहून प्रत्येकावर आणि मागच्या बिलावर ‘रक्कम दिली’ असा शिक्का मारावा. बिनशिक्क्याचं बिल पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा पेटीत येऊ शकतं.

हिशेब लिहिताना इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भरपाईच्या दिवशी दुरुस्ती 2,070, लेखनसामग्री 370 अशी सगळी खर्चखाती आणि रोख तुटीचे 20 नावे पडतात, तर बँक 3,420 ने जमा होते. किरकोळ रोख खात्याला हात लागत नाही. काही लेखनिक संगणकात प्रत्येक व्हाउचर खर्च होताच टाकतात. तेव्हा किरकोळ रोख आधीच कमी झालेली असते आणि धनादेश तिच्याच नावे पडतो. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की एकच खर्च दोनदा लागतो किंवा एकदाही लागत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. भरपाईनंतर खतावणीत किरकोळ रोख खात्याची बाकी पाच हजारच दिसली पाहिजे. ती 8,420 दिसली, तर जूनचा खर्च कुठेच लिहिला गेलेला नाही.

यामुळेच 31 मार्चला विशेष महत्त्व आहे. पहिल्या रीतीत खर्च पुस्तकात येतो तो भरपाईच्या दिवशी. मार्चमध्ये फक्त सहाशे रुपये खर्च झाले म्हणून भरपाई एप्रिलवर ढकलली, तर ते सहाशे चुकीच्या वर्षात जातात आणि ताळेबंद पेटीत नसलेली रोख दाखवतो. वर्षअखेरीला खर्च कितीही थोडा असो, पेटी मोजून नोंद करावीच.

पेटी बिघडवणाऱ्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, बाहेरचे पैसे आत येणं. भंगार विकून आलेले, हॉलचं भाडं म्हणून आलेले किंवा सभासदाने रोख भरलेले पैसे पावती देऊन थेट बँकेत जायला हवेत. या पेटीत पैसे येण्याचा मार्ग एकच, भरपाईचा धनादेश. दुसरी, तोंडी उचल. सफाई कामगाराला सामान आणायला पाचशे दिले, तर सही घेतलेली चिठ्ठी पेटीत हवी आणि दुसऱ्या दिवशी बिल व उरलेले पैसे घेऊन ती मिटवायला हवी. तोवर रोख, व्हाउचर आणि चिठ्ठी यांची बेरीज पाच हजार. कर्मचाऱ्याला पगारावरची उचल मात्र यातून कधीच देऊ नये. तिसरी, बिलाचे तुकडे. 1,900 रुपयांचं काम एकाच दुकानाच्या लागोपाठच्या दोन तारखांच्या 950 च्या दोन बिलांत दिसलं, तर एक हजारांची मर्यादा कोणीतरी चुकवली आहे.

महिनाअखेरीची मोजणी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून खजिनदाराने अधूनमधून न सांगता पेटी उघडून घ्यावी. मोजणी व्यवस्थापकाच्या समोरच व्हावी आणि आकडा पुस्तकात लिहून दोघांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही. प्रामाणिक माणसावर उद्या खोटा आळ आला, तर त्याच्या बाजूने बोलणारा कागद हाच असतो.

तुमच्या सोसायटीत, वाचनालयात किंवा मंडळात अशी पेटी असेल, तर पुढच्या सभेत तीन गोष्टी विचारा: ठरलेली रक्कम किती, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि शेवटची मोजणी कोणत्या तारखेला झाली. तिन्ही उत्तरं वहीत पाहून लगेच मिळाली, तर किरकोळ खर्चाचा हिशेब नीट चालू आहे. मिळाली नाहीत, तर रक्कम ठरवण्याचा ठराव त्याच सभेत मांडा.