किरणोत्सव थेट मोबाइलवर : गाभाऱ्यातून तुमच्या हातात व्हिडिओ पोहोचतो कसा?

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, देवीच्या चरणांना स्पर्श करत वर सरकतात आणि काही मिनिटांत नाहीशी होतात. मोबाइलवर थेट दर्शन घेणाऱ्याचे चित्र नेमके त्याच वेळी अडकले, तर तो क्षण हुकलाच. हे टाळण्यासाठी व्हिडिओ प्लॅटफॉर्म कसा उभारावा लागतो, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

आधी तुकडे, मग प्रती

गाभाऱ्यातील कॅमेऱ्याचे चित्र मंदिरातून एकदाच बाहेर जाते. त्यासाठी ८ एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट वाहून नेणारी स्थिर लाइन पुरते. पुढचे काम डेटा सेंटरमधील सर्व्हर करतात. ते या एकाच चित्रापासून चार दर्जांच्या प्रती बनवतात. १०८०पी साठी ५ एमबीपीएस, ७२०पी साठी २.५, ४८०पी साठी १.२ आणि २४०पी साठी ०.४ एमबीपीएस लागतात, असे धरू.

प्रत्येक प्रतीचे चार-चार सेकंदांचे तुकडे पाडले जातात. चारही प्रतींचे तुकडे नेमके एकाच क्षणी तुटावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात पूर्ण चित्राने व्हावी लागते. हा मेळ चुकला, तर दर्जा बदलताना चित्र हिसका खाते किंवा तोच क्षण पुन्हा दिसतो.

गाभाऱ्यातील मंद उजेडाची अडचण वेगळी आहे. कमी प्रकाशात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक कण नाचतात. प्रत्येक कण नवी माहिती असल्यासारखा साठवला जातो आणि मुख्य चित्रासाठी कमी जागा उरते. म्हणून कॅमेऱ्यातच हे कण कमी केले, तर २४०पी वरही देवीचे मुख चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसत नाही.

दर्जा ठरवतो मोबाइल

कोणत्या प्रेक्षकाला कोणती प्रत द्यायची, हे सर्व्हर ठरवत नाही. त्याच्याकडे फक्त तुकड्यांची यादी असते. मागचा तुकडा किती वेळात उतरला, हे पाहून पुढचा कोणत्या दर्जाचा मागायचा ते मोबाइलच ठरवतो. अॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत याच तत्त्वावर चालते.

समजा, गगनबावड्याकडे निघालेल्या एसटीत कोणी दर्शन पाहत आहे. मोबाइलमध्ये १२ सेकंदांचा व्हिडिओ शिल्लक आहे आणि वाटेत नेटवर्क १ एमबीपीएसवर आले. ७२०पी चा एक तुकडा १० मेगाबिटचा असतो. तो उतरायला १० सेकंद लागतात आणि त्यातून चारच सेकंदांचे चित्र मिळते. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे शिल्लक सहा सेकंदांनी घटते आणि दोन तुकड्यांत ती संपते. २४०पी चा तुकडा मात्र १.६ सेकंदांत येतो. चित्र धूसर होते, पण थांबत नाही.

वीस हजार मोबाइल, एकच तुकडा

वीस हजार जण ७२०पी वर पाहत असतील, तर ५० हजार एमबीपीएस लागतील. हा भार मूळ सर्व्हरवर येऊ द्यायचा नसतो. म्हणून प्रेक्षकांच्या जवळच्या शहरांत आणि मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात साठवणीचे सर्व्हर ठेवतात. पहिल्या मागणीला हा सर्व्हर मूळ ठिकाणाहून तुकडा आणतो, नंतरच्यांना स्वतःजवळचीच प्रत देतो.

नेटफ्लिक्स आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांकडे ठेवून गर्दी नसलेल्या वेळी त्यात चित्रपट भरून ठेवते. थेट प्रक्षेपणात ही सोय नाही, कारण तुकडा आत्ताच जन्मलेला असतो आणि सगळे तो एकदमच मागतात. अशा वेळी जवळच्या सर्व्हरने एकच मागणी पुढे पाठवून बाकीच्यांना क्षणभर थांबवायचे असते. तसे केले नाही, तर मूळ सर्व्हरच कोलमडतो.

बिघाड कुठे, हे कसे ओळखावे?

सगळ्यांचे चित्र एकाच क्षणी थांबले, तर दोष मंदिराच्या लाइनमध्ये किंवा मूळ सर्व्हरमध्ये असण्याची शक्यता जास्त. म्हणूनच मंदिरातून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन हव्यात. एकाच मोबाइल कंपनीचे ग्राहक अडकले, तर त्या कंपनीच्या जाळ्याकडे पाहावे. फक्त तुमचाच मोबाइल अडकला, तर बहुधा तुमचे नेटवर्क कमजोर आहे.

एक उशीर मात्र राहतोच. तुकडा पूर्ण व्हायला चार सेकंद, मोबाइलमधली शिल्लक बारा सेकंद आणि प्रक्रियेचा वेळ धरला, तर चित्र सुमारे वीस सेकंद मागे असते. मंदिरातला भाविक फोनवर ‘किरणे मुखावर आली’ म्हणतो, तेव्हा घरच्या पडद्यावर ती अजून खालीच असतात. तुकडे दोन सेकंदांचे केले तर हा उशीर बराच कमी होतो, पण शिल्लकही निम्मी होते आणि घाटातल्या प्रेक्षकाचे चित्र लवकर अडकते. किरणोत्सवात वीस सेकंद उशिरा दिसले तरी दर्शन पूर्ण होते, मधेच अडकले तर होत नाही. म्हणून इथे चार सेकंदांचा तुकडाच बरा.