उरलेल्या आकड्याचं नाव

चालू बेकरी विकत घ्यायची, तर भट्टीबरोबर मैदा येतो, हॉटेलवाल्यांकडची येणी येतात आणि मैदावाल्याची देणीही येतात. किंमत मात्र सगळ्याची मिळून एकच ठरते. समजा, ती १४ लाख रुपये ठरली. हा एक आकडा वहीत कसा वाटायचा?

विकणाऱ्याच्या ताळेबंदात यंत्रं ९ लाखांची दिसतात. दोघांनी पाहणी करून ७.५ लाख धरली. घेणाऱ्याने हाच आकडा लिहायचा, जुन्या वहीतला नाही. माल १.६ लाख, दुकानाची अनामत १.५ लाख. येणी ३.२ लाख, पण त्यातले ४० हजार बुडण्याची भीती, म्हणून हिशेबात २.८ लाख. एकूण मालमत्ता १३.४ लाख. धनकोंचे २.३ लाख देणे आहेत. शिवाय जुन्या कामगारांची ६० हजारांची ग्रॅच्युइटी घेणाऱ्याने स्वीकारली. देणी वजा जाता निव्वळ मालमत्ता १०.५ लाख. वरचे ३.५ लाख म्हणजे ख्याती, अर्थात गुडविल. विकणाऱ्याची रोकड आणि बँकेचं कर्ज सौद्यात नाही, म्हणून ते इथे येतच नाही. त्याच्या वहीत पूर्वीची ख्याती लिहिलेली असली, तर तीही सोडून द्यायची.

नोंदी तीन. आधी व्यवसाय खरेदी खाते नावे, विक्रेत्याचे खाते जमा, १४ लाख. मग यंत्रं, माल, अनामत, पूर्ण ३.२ लाखांची येणी आणि ख्याती नावे. धनको, ग्रॅच्युइटी, बुडीत येण्यांची ४० हजारांची तरतूद आणि व्यवसाय खरेदी खाते जमा. दोन्ही बाजू १७.३ लाख. पैसे दिले की विक्रेता नावे, बँक जमा.

ख्याती वेगळी मोजलेली नाही, ती फक्त उरली आहे. म्हणून बाकीच्या आकड्यांतली प्रत्येक चूक तिथे जाऊन लपते. ग्रॅच्युइटी नजरेतून सुटली असती, तर ख्याती २.९ लाख दिसली असती आणि वही तरीही जुळली असती. चूक कळली असती ती कामगार निवृत्त होताना.

हीच बेकरी ९.५ लाखांना मिळाली, तर उलट १ लाख जमा बाजूला उरतात. तो भांडवली राखीव निधी. तो नफा-तोटा पत्रकात न्यायचा नाही, कारण तो धंद्यातून कमावलेला नाही. मालकाला घाईने गाव सोडायचं असेल तर असा सौदा होतो. पण एरवी इतकं स्वस्त दिसलं, की मी आधी देण्यांची यादी पुन्हा तपासायला सांगेन: थकलेला कर, वीजबिल, न दिलेला बोनस.

आणखी एक मोह यंत्रांच्या किमतीपाशी असतो. २०२१च्या वित्त कायद्यानंतर आयकरात ख्यातीवर घसारा मिळत नाही, यंत्रांवर मिळतो. साहजिकच काहीजण भट्टीची किंमत फुगवून ख्याती आटवतात. सौद्याआधी मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल घेतलेला नसेल, तर कर अधिकाऱ्यासमोर तो आकडा टिकवणं अवघड जातं.